कीर्ती मंदिराच्या निवेदनाचं पुनर्लेखन: माझ्या नोंदवहीतून

२८ डिसेंबर

मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी संध्याकाळी घरी येऊन एक कागद दिला. उत्तरायणानंतरच्या रविवारी मंडळातर्फे आमच्या वडोदऱ्यातल्या कीर्ती मंदिरातली, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकातली, चित्रं बघायला जायचं आहे, त्याचं निवेदन. ते छापून दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग भागातल्या घरांत वाटायचं आणि तेच मोबाइलवरही पाठवायचं. "जुन्यांनाही वाचता यावं आणि पोरांनाही आपलं वाटावं, म्हणून मी दोन्ही भाषा घातल्यात. तू जरा हात फिरव," एवढं बोलून चहा न घेताच गेले.

मूळ मजकूर इथे उतरवून ठेवते. पुढे सारखा लागेल.

"फ्रेंड्स, आफ्टर उत्तरायण फर्स्ट संडेला आपण कीर्ती मंदिरची फेमस फ्रेस्कोज एक्सप्लोर करणार आहोत. नंदलाल बोस यांनी क्रिएट केलेली ही म्यूरल्स आपल्या हेरिटेजचा प्राइसलेस पार्ट आहेत. तरी सर्व मेंबर्सनी विथ फॅमिली उपस्थित राहावे. लिमिटेड सीट्स असल्यामुळे बिफोर फ्रायडे रजिस्ट्रेशन कम्प्लिट करावे. मंडळाची ऑफिस सकाळी दहा ते बारा उघडी राहील. व्हेइकल्स ग्राउंडमध्ये पार्क करण्यात यावीत. एन्ट्री फ्री ऑफ कॉस्ट. ज्येष्ठ नागरिकांकरिता व्हीलचेअरची सुविधा उपलब्ध करून देण्यात येईल."

पहिल्यांदा वाचताना हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की काका बोलताना यापेक्षा जास्त इंग्रजी शब्द वापरतात आणि तरी ते कुणाला खटकत नाही. मग कागदावरच का खटकतं?

२९ डिसेंबर

आधी सोपा मार्ग धरला. सगळं इंग्रजी काढून टाकलं आणि शुद्ध मराठीत लिहिलं. 'भित्तिचित्रे', 'अनमोल वारसा', 'नावनोंदणी', 'वाहनतळ', 'विनामूल्य प्रवेश'. अर्ध्या तासात काम झालं म्हणून स्वतःवर खूश होते.

दुपारी भाची आली. एकोणीस वर्षांची, शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी गुजराती, घरात मात्र बोलणं अस्खलित मराठी. मराठी वाचते ती लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पाट्यांपुरतीच. तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि ती जिथे अडखळली तिथे पेन्सिलनं बारीक टिंब केलं. 'भित्तिचित्रे' तीन तुकड्यांत वाचलं आणि पुढे गेली. "काय असतं ते?" विचारलं तर म्हणाली, "काहीतरी चित्रं." 'नावनोंदणी'चं 'नावनों' आणि 'दणी' असं झालं. 'वाहनतळ' म्हटल्यावर तिला तलाव आठवला. मुलगी सूरसागरच्या काठी वाढलेली, तिचाही दोष नाही.

पण 'सहकुटुंब' तिनं एका दमात वाचलं आणि अर्थही सांगितला. मी चकित. म्हणाली, "मावशी, प्रत्येक लग्नपत्रिकेत असतं की!"

या एका शब्दानं माझी गृहीतं मोडली. शब्द अवघड असतो म्हणून मुलं अडखळतात असं मी धरलं होतं. 'सहकुटुंब' काही 'नावनोंदणी'पेक्षा सोपा नाही. तो तिच्या डोळ्यांखालून शंभरदा गेलाय, दुसरा एकदाही नाही. म्हणजे शब्द कुठल्या भाषेतला हे बाजूला ठेवून, दोन्ही प्रकारच्या वाचकांना तो कुठे भेटला आहे हे बघावं लागणार.

३१ डिसेंबर

मूळ मजकूर घेऊन आप्पांकडे गेले. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनाही मोठ्यानं वाचायला लावलं. 'एक्सप्लोर'पाशी चष्मा काढून पुसला. 'प्राइसलेस पार्ट' हे 'प्राइस लेस' असं वाचून विचारलं, "किंमत कमी केली आहे का?" मग गाडी भाषेवर आली. सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश करवून घेतला, १९३१ साली तो छापून निघाला, आणि त्यांच्याच गावात तुम्ही 'बिफोर फ्रायडे' लिहिता! मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पण जाता जाता ते मला म्हणाले, "रविवारी आम्ही येतो हो, विथ फॅमिली." त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र जिन्यातच लिहून घेतलं.

आज एवढंच. रात्री फटाके सुरू झाले, काम होईना.

२ जानेवारी

आप्पांच्या 'विथ फॅमिली'नं पिच्छा सोडला नाही, म्हणून कॉलेजातल्या जुन्या वह्या उपसल्या. त्यांत एक टिपण सापडलं. पुण्यात जन्मलेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे अरविंद जोशी यांनी १९८२ साली मिश्र वाक्यांवर एक निबंध लिहिला होता, आणि त्यातली उदाहरणं मराठी-इंग्रजी होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा वाक्यात एक भाषा यजमान असते आणि दुसरी पाहुणी. मराठी यजमान असेल तर इंग्रजी नाम, विशेषण, क्रियेचा शब्द आत येऊ शकतो. पण वाक्याला बांधून ठेवणारे बारके शब्द, म्हणजे विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, 'हा-काही-सगळे' यांसारखे दर्शक, 'आहे-होता' ही सहायक क्रियापदं, हे सगळे यजमानाचेच राहतात. बोलणारे हा नियम न शिकता पाळतात.

ही चाळणी हातात घेऊन काकांचा मजकूर पुन्हा पाहिला. 'हेरिटेजचा', 'ग्राउंडमध्ये', 'व्हीलचेअरची' इथे शब्द इंग्रजी आणि प्रत्यय मराठी, म्हणून जीभ अडत नाही. अडते ती 'आफ्टर उत्तरायण', 'बिफोर फ्रायडे', 'फ्री ऑफ कॉस्ट' इथे. कारण इंग्रजीत 'आधी-नंतर' सांगणारा शब्द नामाच्या पुढे बसतो आणि मराठीत मागून येतो. 'उत्तरायणानंतर', 'शुक्रवारच्या आत'. काकांनी शब्दच नाही, बसण्याची जागाही पाहुण्याला दिली. पुढे 'फर्स्ट संडेला' म्हणताना मराठी प्रत्यय मागून लावलाच, म्हणजे एकाच तुकड्यात दोन यजमान.

मग 'विथ फॅमिली' का चालतं? मला वाटतं, तो आता दोन शब्दांचा तुकडा राहिलेला नाही. 'सहकुटुंब'सारखा तो अख्खाच उचलला जातो. कुणी 'विथ मामा' किंवा 'विथ डबा' म्हणत नाही. गोठलेला तुकडा नियमाला अपवाद असतो, पण त्याच्या आधारानं नवे तुकडे पाडता येत नाहीत. 'बिफोर फ्रायडे' तसा गोठलेला नाही.

छापायला मात्र 'सहकुटुंब'च ठेवते. आप्पांना आणि भाचीला, दोघांनाही एका दमात वाचता येणारा शब्द आयता मिळालाय तर सोडू कशाला?

४ जानेवारी

आज प्रत्यय. हे काम रटाळ वाटेल असं वाटलं होतं, पण दिवसभर त्यातच रमले.

इंग्रजी शब्द मराठीत किती मुरला आहे हे त्याचं सामान्यरूप सांगतं. 'बँक'चं आपण 'बँकेत' करतो, 'बँकमध्ये' कुणी म्हटलं तर ते नवखं वाटतं. 'टेबलावर', 'तिकिटाचे पैसे', 'डॉक्टरांना', 'मेंबरांनी'. हे शब्द घरचे झाले, त्यांचं अंग आपल्या व्याकरणाप्रमाणे वाकतं. उलट 'रजिस्ट्रेशनाला' किंवा 'व्हीलचेअरीवर' म्हणून बघा, हसू येतं. हे शब्द अजून ताठ आहेत, त्यांना प्रत्यय तसाच चिकटवावा लागतो: 'रजिस्ट्रेशनला', 'व्हीलचेअरवर'. 'ऑफिस' मधल्या पायरीवर उभं आहे. आप्पा 'ऑफिसात' म्हणतात, भाची 'ऑफिसमध्ये', आणि दोन्ही बरोबर.

अनेकवचनाचंही तसंच. काकांनी 'मेंबर्सनी' लिहिलंय. म्हणजे आधी इंग्रजी अनेकवचन केलं, मग त्यावर मराठी प्रत्यय. बोलताना तेच काका 'मेंबरांनी वर्गणी भरली नाही' असं म्हणतात. कागदावर आले की शब्दाला इस्त्री करतात. 'व्हेइकल्स' तर बोलताना कुणाच्याच तोंडी नाही. सगळ्यांच्या 'गाड्या' असतात, मग ती स्कूटर असो की मोटार.

आता लिंग. 'मंडळाची ऑफिस उघडी राहील' हे वाक्य पुण्याच्या माणसाला चुकीचं वाटेल आणि कारण सापडणार नाही. वडोदऱ्यात ते सहज कळतं. गुजरातीत ऑफिस स्त्रीलिंगी. तिकीटही. त्यामुळे इथली मराठी मुलं 'तिकीट घेतली' म्हणतात, आणि काकांसारखे साठी उलटलेलेही कधी कधी. मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी: तिकीट घेतलं, ऑफिस उघडं. म्हणजे इथे मिश्रण दोन भाषांचं दिसतं पण आहे तिघींचं. शब्द इंग्रजी, लिंग गुजराती, क्रियापद मराठी. मी 'ऑफिस उघडं असतं' केलं. मायेनं केलं, लाल शाईनं नाही.

नव्या मजकुरात 'वॉक' हा शब्द घालावा का, ते ठरेना. मंडळात निम्मे 'वॉक ठरला' म्हणतात, निम्मे मनातल्या 'फेरी'ला धरून 'वॉक ठरली'. असा शब्द वापरायचाच असेल तर लिंग दिसणार नाही असं वाक्य करावं: 'वॉकला जाऊ या'. ही पळवाट आहे, पण सभ्य आहे. शेवटी शब्दच टाळला. 'बघायला जाऊ' म्हटलं की पुरतं.

६ जानेवारी

'फ्रेस्को' आणि 'म्यूरल' या दोन शब्दांवर पूर्ण सकाळ गेली.

काकांनी पहिल्या वाक्यात 'फ्रेस्कोज' म्हटलं आणि दुसऱ्यात त्याच चित्रांना 'म्यूरल्स'. त्यांना वाटलं, पुनरुक्ती टळली. पण हे समानार्थी शब्द नाहीत. म्यूरल म्हणजे भिंतीवरचं कुठलंही चित्र. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावून केलेलं. गिलावा वाळताना रंग त्यातच बसून जातो. प्रत्येक फ्रेस्को म्यूरल असतो, उलट खरं नाही. मराठीत लिहिताना काकांनी 'पाणी' आणि 'सरबत' असं आलटून पालटून कधीच लिहिलं नसतं. परभाषेतला शब्द आला की त्याचा अर्थ सैल पकडला जातो आणि तो निव्वळ चकाकीसाठी वापरला जातो. मिश्र मजकुरात मला सर्वांत आधी शोधावी लागते ती हीच चूक, कारण ती कानाला कळत नाही.

'फ्रेस्को' गेला. 'भित्तिचित्र' भाचीपाशी अडला होता. मग 'भिंतीवर रंगवलेली चित्रं' असं उलगडून लिहिलं. आणि 'म्यूरल' एकदाच ठेवायचा ठरवला, कारण या गावात १९५० पासून विद्यापीठाची फाइन आर्ट्सची शाखा आहे आणि तिथल्या मुलांचा तो रोजचा शब्द आहे. प्रश्न असा, की आप्पांना तो कसा कळवायचा? कंसात अर्थ दिला तर वाचणाऱ्याला शिकवणी लावल्यासारखं होतं, आणि ज्याला शब्द येतो त्याला उगाच थांबावं लागतं. म्हणून आधी चित्रांचं वर्णन साध्या मराठीत, आणि मग 'फाइन आर्ट्सची मुलं ज्यांना म्यूरल्स म्हणतात, ती हीच'. आप्पांना नवा शब्द मिळतो, पोरांना ओळखीचा सापडतो, कुणालाही समजावलं जात नाही.

'हेरिटेजचा प्राइसलेस पार्ट' हे इंग्रजीतच नव्हे, कुठल्याही भाषेत काही सांगत नाही. त्या जागी माहिती घातली. ही चार भिंतींवरची चित्रं १९३९ ते १९४६ या काळात झाली, आणि त्यांतल्या एका भिंतीवर गंगा उतरते आहे.

७ जानेवारी

'रजिस्ट्रेशन' की 'नावनोंदणी'? काका पहिल्याला चिकटून, आप्पा दुसऱ्याला. दोघांनी फोनवर मला मध्ये घेऊन पाऊण तास घातला.

रात्री जेवताना भाचीला सहज विचारलं, "कॉलेजच्या ट्रिपला गेलीस तेव्हा काय केलं होतंस?" म्हणाली, "नाव दिलं."

झालं! 'शुक्रवारपर्यंत नाव द्या.' इंग्रजी नाम आणि संस्कृत घाटाचं नाम एकमेकांशी भांडत असतात तेव्हा पुष्कळदा शेजारी एक साधं क्रियापद गुपचूप बसलेलं असतं. 'पार्क करण्यात यावीत' आणि 'वाहनतळावर उभी करावीत' यांच्यामधून 'गाड्या लावा' निघालं. 'एन्ट्री फ्री ऑफ कॉस्ट' आणि 'विनामूल्य प्रवेश' यांच्यामधून 'तिकीट नाही'. 'लिमिटेड सीट्स'च्या जागी सरळ आकडा: 'जागा पन्नासच आहेत'. मर्यादित म्हटल्यावर कुणी घाई करत नाही, पन्नास म्हटल्यावर करतात.

सगळीकडे ही युक्ती चालत नाही. 'व्हीलचेअर'ला 'चाकांची खुर्ची' म्हटलं असतं तर आप्पांनीच विचारलं असतं, "म्हणजे व्हीलचेअर का?" तो शब्द तसाच.

९ जानेवारी

पूर्ण मजकूर जोडून वाचला तर अजूनही काहीतरी करकरत होतं. शब्द सगळे तपासलेले, प्रत्यय नीट. तासाभरानं सापडलं. शेवटची दोन वाक्यं काकांच्या मूळ थाटातली राहून गेली होती: 'सुविधा उपलब्ध करून देण्यात येईल'. वर 'बघायला जाऊ', 'सहकुटुंब या' असं घरगुती बोलणं आणि खाली एकदम सरकारी कचेरी. मूळ मजकुरात सर्वांत जास्त खटकत होतं ते कदाचित हेच. 'फ्रेंड्स' म्हणून खांद्यावर हात टाकायचा आणि 'करावे' म्हणून लगेच काढून घ्यायचा. बोलण्यातले इंग्रजी शब्द 'करा', 'या', 'सांगा' यांच्या पंगतीत शोभतात. 'करण्यात यावे'च्या शेजारी ते पाहुण्यासारखे अवघडून बसतात.

त्यामुळे 'चित्रे'चं 'चित्रं' हेही ओघानं आलं. आप्पा नाराज. छापील मजकुरात मात्रा हवी, अनुस्वार बोलण्यात, असं त्यांचं म्हणणं आणि त्यांच्या धंद्यात ते रास्तच होतं. मी म्हटलं, "आप्पा, हा मजकूर छापला असला तरी तो बोलतोय." ते म्हणाले, "मग खाली माझं नाव घालू नकोस." त्यांचं नाव कुठेच नव्हतं, तरी बरं म्हटलं.

११ जानेवारी

दोघांकडून शेवटचं वाचन झालं. भाची एकदा अडखळली, 'जटांत'पाशी. चित्रच दाखवायचं आहे, म्हणून शब्द ठेवला. आप्पा 'म्यूरल्स'पाशी किंचित थांबले, पुढचे तीन शब्द वाचून मान हलवली. अंतिम मजकूर असा:

"उत्तरायण झालं, पतंग उतरले, की रविवारी, १८ जानेवारीला, कीर्ती मंदिरातली चित्रं बघायला जाऊ. नंदलाल बोस यांनी तिथे भिंतींवर रंगवलेली ही चित्रं १९३९ ते १९४६ या काळातली. फाइन आर्ट्सची मुलं ज्यांना म्यूरल्स म्हणतात, ती हीच. गंगा शंकराच्या जटांत उतरते ती भिंत आधी बघू, मग मीराबाईची.

सकाळी नऊला मंडळाच्या ऑफिसपाशी भेटू. सहकुटुंब या. जागा पन्नासच आहेत, म्हणून शुक्रवारपर्यंत नाव द्या, किती जण येणार तेही सांगा. ऑफिस सकाळी दहा ते बारा उघडं असतं, मोबाइलवर पाठवलं तरी चालेल. गाड्या मैदानात लावा. तिकीट नाही. कुणाला चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअर आहे, फक्त आधी सांगा. परत आल्यावर सेव-उसळ."

'सेव-उसळ' या शब्दाची चाचणी घ्यावी लागली नाही.

काकांनी वाचून विचारलं, "यात इंग्रजी कुठे आहे?" मी बोट ठेवून दाखवलं: फाइन आर्ट्स, म्यूरल्स, ऑफिस, मोबाइल, तिकीट, व्हीलचेअर. त्यांना तिकीट इंग्रजी आहे हेच पटेना.

१२ जानेवारी

छापखान्यातून फोन. काकांनी परस्पर 'मोबाइलवर'चं 'व्हॉट्सॲपवर' केलं होतं आणि छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' हे अक्षर, म्हणजे `U+0972`, नव्हतंच. मुद्रितात 'व्हॉट्स' आणि पुढे एक रिकामा चौकोन, मग 'पवर'. फोनवर नीट दिसणारा मजकूर कागदावर असा दगा देतो, म्हणून ॲ आणि ऑ असलेले शब्द छापायच्या आधी एकदा त्याच फॉन्टमध्ये उमटवून बघावेत. पुन्हा 'मोबाइलवर' केलं. उद्या दुपारपर्यंत प्रती हातात हव्यात, चौदा-पंधराला सगळं गाव गच्चीवर असणार.

१६ जानेवारी

आजची मुदत. ऑफिसात बसून नावांची यादी उतरवली. मोबाइलवर आलेली नावं गुजराती, रोमन, देवनागरी अशा तिन्ही लिप्यांत. एकूण सत्तेचाळीस जण झाले.

बाराला पाच कमी असताना आप्पा स्वतः जिना चढून आले. यादीची वही ओढून घेतली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात: 'विथ फॅमिली, ३'.